उभी वाटणी

आमच्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी, तीही फर्स्ट क्लासमध्ये. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली करत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, फाउंड्रीत भट्टीपुढे उभे राहून म्हातारे झाले. त्यांच्या हातावर वितळलेल्या लोखंडाचे बारीक बारीक डाग होते, देवी आल्यासारखे. त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी हवी होती. भाड्याच्या खोलीतून उठून स्वतःच्या घरात जायचं. आणि ते घर, जागा हातात असताना, मुलगी इंजिनिअर असताना, झालं नाही. का झालं नाही ते मी इथे लिहिते आहे.

जागा घेतली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. रिंग रोडच्या पलीकडे, तेव्हा तिथे उसाचे फड होते, एका शेतकऱ्यानं शेताचा लेआउट मंजूर करून घेऊन प्लॉट पाडले होते. आप्पा आणि माझे चुलते, तात्या, दोघांनी मिळून एक प्लॉट घेतला. एकट्याला पेलणारा नव्हता. रस्त्यावर चाळीस फूट तोंड आणि आत पासष्ट फूट खोल. नकाशात हे मीटरमध्ये लिहिलेलं असतं, बारा आणि वीस, पण घरात आम्ही फुटातच बोलायचो, म्हणून इथेही फुटातच सांगते. सात-आठ इंच इकडे-तिकडे होतील.

खरेदी झाल्यावर पुढच्या रविवारी दोघं भाऊ दोरी आणि चुन्याची पिशवी घेऊन प्लॉटवर गेले आणि वाटणी करून आले. उभी वाटणी. रस्त्याच्या कडेला बरोबर मध्यावर एक दगड, मागच्या हद्दीला मध्यावर एक दगड, आणि मध्ये चुन्याची सरळ रेघ. दोघांना रस्त्यावर वीस-वीस फूट. आई डब्यातून मटण-भाकरी घेऊन गेली होती. दोघं आपापल्या वीस फुटांत मांडी घालून जेवले आणि एकमेकांना हाक मारून मारून म्हणाले, "काय पावणं, आमच्यात या की जेवायला!" हे आईनं मला किती वेळा सांगितलं असेल. सांगताना ती दर वेळी हसायची.

उभी वाटणी का, तर आमच्याकडे दुसरी वाटणी कुणाला माहीतच नव्हती. आमचं गाव शाहूवाडीकडच्या डोंगरात. तिथे वतनातली एक जमीन होती, खाली ओढा आणि वर गाडीवाट. पणजोबापासून तिची वाटणी होत आली ती अशीच, वरपासून खालपर्यंत. प्रत्येक भावाच्या तुकड्याचं एक टोक वाटेला लागलं पाहिजे आणि एक टोक ओढ्याला. आडवी वाटणी केली तर एकाला पाणी मिळेल आणि एकाला वाट, आणि दुसरा जन्मभर पहिल्याच्या बांधावरून हात जोडत ये-जा करील. गावात जोडायचे तेवढे हात आमच्या माणसांनी इतरांपुढे जोडून झाले होते. भावापुढे तरी नको. त्यामुळे उभीच. आप्पांच्या लहानपणी त्या पट्ट्या इतक्या अरुंद झाल्या होत्या की शेवटाला बैल वळेनात. मग औत उचलून परत वर आणायचे. पण तक्रार कुणी केली नाही, कारण वाटणी बरोबर होती.

तेव्हा दोन भावांनी शहरात प्लॉट घेतला आणि तो गावासारखा वाटला, यात त्यांची काय चूक? मलाही तेव्हा काही खटकलं नाही. मी सर्व्हेइंगच्या पहिल्या पुस्तकात होते.

पदवी झाल्यावर मला शाहूपुरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी लागली. खाली पाइप-फिटिंगचं दुकान, वर आमचं ऑफिस. महापालिकेत परवानगीसाठी द्यायचे नकाशे आम्ही काढायचो. तेव्हा सगळं हातानं, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं, आणि मग अमोनियाच्या प्रिंट. डोळे झोंबायचे. आमचे साहेब शांत माणूस, पण कामात चूक दिसली की कागद फाडायचे. पहिल्याच आठवड्यात मी एका प्लॉटवर हौसेनं हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम मांडायला घेतलं, तर माझ्या हातातली पेन्सिल काढून घेत म्हणाले, "मॅडम, आधी घर काढायचं नाही. आधी घर कुठं होणार नाही ते काढायचं."

मग त्यांनी दाखवलं. प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेनं काढायची. मग रस्ता कोणत्या बाजूला ते बघायचं, कारण रस्त्याकडची बाजू ती पुढची, तिथून ठरलेलं अंतर सोडायचं. मग मागच्या हद्दीपासून. मग दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दींपासून. हे सोडायचं अंतर म्हणजे मार्जिन. रस्ता रुंद असला, इमारत उंच असली की ती वाढतात, म्हणून नियमाचं पान उघडून बघायचं, आठवणीवर जायचं नाही. प्रत्येक बाजूला मार्जिनच्या अंतरावर हद्दीला समांतर एक तुटक रेघ मारायची. चारी तुटक रेघा एकमेकींना मिळाल्या की आत जो चौकोन उरतो त्यात घर. लोकांना वाटतं आपण प्लॉट घेतला. तुम्ही बांधू शकता तो प्लॉट नव्हे, तो आतला चौकोन.

मी ते लवकर शिकले. पुढेपुढे लोक जिन्यावरून कागदाची गुंडाळी घेऊन आले की उलगडताच मला आतला चौकोन दिसायचा, रेघ मारायच्या आधी. त्याचा मला गर्व होता. अजून आहे.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा फंडाचे आलेले पैसे आणि बँकेचं थोडं कर्ज, असं करून घर बांधायचं ठरलं. त्यांनी मंजूर लेआउटची प्रत माझ्यापुढे ठेवली. इतकी वर्षं ती ट्रंकेत तळाला साडीच्या घडीत होती. म्हणाले, "घे. आता आपला नकाशा काढ. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको. आनि शिक्का मारून आण. माझ्या पोरीनं काढल्यालं घर हाय म्हणून पाटी लावणार मी."

मी कागद उलगडला. आमच्या प्लॉटला पुढे रस्ता, तिथून दहा फूट. मागे पाच. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. चाळीसमधून दहा गेले, तीस. पासष्टमधून पंधरा गेले, पन्नास. तीस बाय पन्नासचा चौकोन, झकास चौकोन, त्यात काय वाटेल ते बसेल. पण तो चौकोन दोघांचा होता. मी मधली उभी रेघ मारली आणि हात थांबला.

मध्ये रेघ आली म्हणजे हद्द आली. हद्द आली म्हणजे तिच्यापासूनही पाच फूट. आप्पांच्या वीस फुटांतून शेजारच्या हद्दीकडचे पाच आणि मधल्या रेघेकडचे पाच गेले की उरतात दहा. दहा फूट रुंद, पन्नास फूट लांब. त्यात दोन्हीकडच्या भिंती नऊ-नऊ इंचांच्या, म्हणजे आत साडेआठ. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायला वाट ठेवली तर मधली खोली म्हणजे बोळ. जिना घेतला तर त्या ठिकाणी घर संपलंच. मी तासन्‌तास खोल्या सरकवत बसले. पलंग ठेवला की दार उघडत नव्हतं.

आणि हेही खरं तर होणार नव्हतं. कारण सरकारदरबारी ती चुन्याची रेघ नव्हतीच. तिथे एकच प्लॉट होता, दोन नावांचा. रीतसर दोन प्लॉट करून मागावे तर नियमात स्वतंत्र घराच्या प्लॉटला कमीत कमी रुंदी ठरलेली, आणि वीस फूट त्यात बसत नव्हतं.

घरी मी आप्पांना कागदावर दाखवलं नाही. खडू घेतला आणि खोलीच्या फरशीवर काढलं. एक फरशी म्हणजे एक फूट.

ते उकिडवे बसून बघत होते. म्हणाले, "ही तुटक रेघ कुणी मारली?"

"नियम आहे, आप्पा. मार्जिन म्हणतात."

"म्हंजे?"

"हवा-उजेड यायला. आग लागली तर माणूस जायला. शेजाऱ्याच्या आणि आपल्या घरात अंतर राहायला."

"पण जागा माझी हाय की."

"जागा तुमचीच."

"मग माझ्या घराला हवा यावी म्हणून मी घरच बांधायचं न्हाय?"

मला हसू आलं आणि त्यांनाही आलं. मग ते त्या खडूच्या दहा फुटांत उभे राहिले, हात पसरले, एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला थोडी जागा. म्हणाले, "हित्तं येस्टी लावायला बरं. माणसं कशी ऱ्हायची?"

आई स्टोव्हपुढून म्हणाली, "समोरच्या लायनीत कुठं कुणी पाच फूट सोडलंय? भिंतीला भिंत लावून मोकळं झाल्यात. तसंच करा की."

हे खरं होतं. त्या लेआउटमध्ये निम्म्या लोकांनी मंजुरीशिवाय हद्दीपर्यंत बांधलं होतं. पण बँक मंजूर नकाशा मागत होती, हे एक. आणि दुसरं आप्पांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता. "माझी पोरगी शिक्क्याचं काम करती आनि तिच्या बापाचं घर बिनशिक्क्याचं? लोकं थुकतील. न्हाय."

माझा त्या वेळी ऊर भरून आला होता. आज वाटतं, त्यांना माझा इतका अभिमान नसता तर त्यांचं चार भिंतींचं काहीतरी झालं असतं.

साहेबांना मी लेआउट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि लगेच म्हणाले, "जोडघर करा. मधे सामायिक भिंत घ्या. प्लॉट एकच दाखवायचा, इमारत एकच, आत दोन बिऱ्हाडं. मग मधलं मार्जिन लागत नाही. दोन्ही मालकांच्या सह्या मात्र हव्यात. वडील आणि काका एकत्र आहेत ना?"

मी म्हणाले, "आहेत."

तो नकाशा मी काढला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला नकाशा. तीस बाय पन्नासचा चौकोन मध्ये एका भिंतीनं दुभागलेला, दोघांना पंधरा-पंधरा फूट. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली, जिना मधल्या भिंतीला टेकून. पंधरा फुटांत माणूस राहू शकतो. तात्यांची बाजू आप्पांच्या बाजूची आरशातली प्रतिमा होती, खिडकीला खिडकी, दाराला दार. कुणी एक इंच कमी-जास्त म्हणू नये म्हणून मी तसं मुद्दाम काढलं होतं.

तात्या कसबा बावड्याकडे राहायचे, सासऱ्यांच्या जागेत. आप्पा आणि मी गेलो. चुलती चहा टाकायला उठली. तात्यांनी कागद पूर्ण उलगडला, चारी कोपऱ्यांवर तांबे-वाट्या ठेवल्या, बघितलं. मी समजावून सांगितलं. ते मन लावून ऐकत होते, आणि मला वाटलं झालं काम.

मग त्यांनी मधल्या भिंतीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"दोघांची."

"न्हाय," ते म्हणाले. "भीत दोघांची न्हाय घेणार मी."

आप्पा म्हणाले, "आरं, तिच्याबिगार बसत न्हाय की."

"दादा, तू इसरलास. गावात आपल्या बाच्या आनि थोरल्या चुलत्याच्या मधी एकच भीत हुती. पावसात पडली तवा कुणी बांधायची म्हणून तीन पावसाळं मधी पोती लावून काढलं. आपली आय चुलीपाशी काय बोलली ते थोरलीला आयकू जायाचं. सनाला गेलं तरी भांडून परत आलो. मी तवाच ठरीवलंय, उपाशी ऱ्हाईन पण माझी भीत माझी."

"तात्या, ही विटांची नऊ इंची भिंत आहे," मी म्हणाले. "पडणार नाही आणि आवाजही..."

"पोरी, तू शिकलीस. भीत पडत न्हाय ते मला बी कळतं."

चुलती चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आनि खिळा ठोकायचा झाला तर इचारून ठोकायचा व्हय?"

आप्पा हसले. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "दिवाळी होऊ दे. बघू."

दिवाळी झाली. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. मग पुढची दिवाळी. भांडण असं कधी झालंच नाही. दोघं सणाला एकमेकांकडे जेवायला जायचे, आणि निघताना आप्पा उंबऱ्यात चप्पल घालत विचारायचे, "त्या कागदाचं काय केलंस?" आणि तात्या म्हणायचे, "हाय की. कुठं जातोय कागद?" एकदा जरा कडू बोलले, "दादा, शिकल्याल्या लेकीचा बाप हायस तू. रेघेच्या आत बसून ऱ्हाशील, पण बांधणार न्हायस." आप्पांनी ते मला घरी येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "बरूबर बोलला."

त्या काळात आप्पा दर रविवारी सायकलवरून प्लॉटवर जायचे. गाजरगवत उपटायचे. दगड हलला नाही ना बघायचे. मी एकदा गेले होते तर बघितलं, त्यांनी आपल्या वीस फुटांत आतले दहा फूट सुतळीनं आखून घेतले होते, आणि सुतळीच्या बाहेर शेवग्याचं रोप लावलं होतं. "मार्जिनमधी झाड चालतं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, झाड चालतं.

मग तात्या गेले. अचानक, भाजी आणायला गेले असताना. त्यांच्या मुलाला पुण्यात स्थिरावायचं होतं, त्यानं आपल्या आईच्या आणि बहिणीच्या सह्या घेतल्या आणि तो अर्धा हिस्सा विकला. आम्हाला विचारलं होतं. पण आप्पांच्या फंडातलं बरंच आईच्या आजारपणात गेलं होतं, आणि मी लग्न होऊन एका खोलीच्या संसारात होते. आम्ही घेऊ शकलो नाही. चुलतभावाला दोष देत नाही.

या सगळ्यानंतरची एक दुपार मला कधी विसरता येणार नाही. ऑफिसात आता कॉम्प्युटर आला होता. साहेब साइटवर होते. जिन्यावरून एक गृहस्थ आले, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, शिरोळकडचे. साखरेच्या ठेकेदारीत होते म्हणे. माझ्यापुढे बसले आणि गुंडाळी उलगडली. "मॅडम, ह्याच्यात किती बसतंय तेवढं सांगा. घेताना कुणाला इचारलं न्हाय, स्वस्त मिळाला म्हणून घेतला."

आमचाच लेआउट. आमचाच प्लॉट. मधली उभी रेघ त्यांनी लाल पेनानं मारली होती.

मी कुणालाही सांगते तसंच त्यांनाही सांगितलं. पुढे दहा, मागे पाच, इकडे पाच, तिकडे पाच. दहा बाय पन्नास उरतं, पण या निम्म्याला वेगळी परवानगीच मिळणार नाही. एकत्र केलं तर तीस बाय पन्नास. किंवा शेजाऱ्याबरोबर जोडघर, सामायिक भिंतीचं, दोघांच्या सह्यांनी.

"जोडघर चालंल की," ते म्हणाले. "माझं काय म्हणणं न्हाय. शेजारचा कोण हाय, म्हायत हाय का तुमास्नी? बोलून घिऊ."

"आहे," मी म्हणाले, आणि आडनाव सांगितलं.

शाईचा डाग पडल्यासारखं त्यांनी लाल रेघेवर अंगठा फिरवला. "आसं व्हय," म्हणाले. "मग... मॅडम, घरात म्हातारी माणसं हायत आमच्या. सोवळं-ओवळं बगत्यात. एकाच भितीला दोन चुली, ते काय जमायचं न्हाय. गैरसमज नको." मग त्यांना मार्ग सुचला. "त्यांचंच निम्मं मी घेतो की. दोन्ही माझं झालं की तुमचा तो तीस-पन्नास मोकळा. त्यांना बी त्याचा उपेग काय? बोलून बगा तुम्ही त्यांच्याशी."

"बोलते," मी म्हणाले. "ते माझे वडील आहेत."

त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी वाचली. तिथे माझं लग्नानंतरचं नाव होतं. मग उठले. घाईनं कागद गुंडाळला. "वाईट वाटून घिऊ नका," म्हणाले. मी म्हणाले, "वाटून घेत नाही. तुम्ही उभी रेघ मारलीत ती लाल आहे. आमच्यात लाल रंग नव्या बांधकामाला असतो. हद्द काळ्यानं काढतात." एवढंच मला सुचलं. ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांच्यापासून लपवायची सवय मला नाही. ते खाटेवर बसून होते, श्वास लागायचा तेव्हा, भट्टीचा धूर छातीत राहिला होता.

"तात्याला भीत भावाबरूबर नको हुती," ते म्हणाले. "ह्याला आमच्याबरूबर नको. भितीचंच काय की."

"आप्पा, देऊन टाकायचं का त्यांना? येतील त्यातून दुसरीकडे फ्लॅट तरी..."

"न्हाय."

"आपल्याला तिथे बांधता येणार नाही. कधीच नाही."

"म्हायत हाय मला. खडूनं तूच दावलंस." ते थांबले, दम घेतला. "बांधता येत न्हाय म्हणून माझं न्हाय असं हुतंय व्हय? पडू दे तसंच. मी इकला तर त्यो त्याच्या अंगनात माझं दगूड उपटून टाकील."

माझ्याकडे त्यांना द्यायला दुसरा नकाशा नव्हता. भिंतीवर निळ्या कोटातल्या माणसाची तसबीर होती, शिका म्हणून सांगणाऱ्या. मी शिकले होते. शिकून मला एवढंच नक्की सांगता येत होतं की घर कुठं होणार नाही.

आप्पा त्याच भाड्याच्या खोलीत गेले. आई त्यांच्या आधी गेली होती. शिरोळच्या गृहस्थांनी पुन्हा निरोप पाठवला, भाव वाढवून. आम्ही उत्तर दिलं नाही. त्यांचंही निम्मं तसंच पडून आहे, आमचंही. शेवगा मात्र वाढला आहे, मार्जिनमध्ये.

आप्पांचं दिवसकार्य आटोपल्यावर माझा धाकटा भाऊ माझ्याकडे आला. तो एमआयडीसीत मशीनवर आहे. बारावीनंतर शिकला नाही, पण मनानं सरळ. मी चहा केला. तो कपाच्या कानात बोट घालून बसला.

"ताई, प्लॉटवर आता आपली दोघांची नावं लागायची."

"माझं नको लावू. तू एकटाच घे. मी सही देते."

तो चिडला. "भनीचं खाल्लं म्हणतील मला. आप्पांनी कधी तुला कमी दिलं? निम्मं निम्मं करू. तात्याबरूबर केल्तं तसंच, उभं. तुलाबी रस्ता, मलाबी रस्ता. कुणी कुणाच्या दारातनं जायचं न्हाय."

मी ड्रॉवरमधली पेन्सिल घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेला वीस फूट काढले. मध्ये रेघ मारली. दहा आणि दहा. "हे बघ. इकडून पाच सोडायचे. मधल्या रेघेकडून पाच. दहातून पाच आणि पाच गेले, काय उरलं?"

त्यानं बघितलं. दोन्ही तुटक रेघा एकमेकींवर बसल्या होत्या.

"काय न्हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय. बांधतंय कोण आता?" तो म्हणाला. मग त्याला वाटलं मी नाराज आहे, कारण त्यानं माझी समजूत काढायला सुरुवात केली. "तुला कमी पडत असंल तर तू बारा घे, ताई. मला आठ बास."

मी त्याला सांगितलं नाही की बारातून दोन उरतात.

पुढच्या रविवारी तो दोरी आणि चुना घेऊन आला. आम्ही प्लॉटवर गेलो. त्यानं मागचं टोक धरलं, मी रस्त्याकडचं. बारा नाही, दहाच घ्यायचे असं मी आधीच बजावलं होतं. शेवग्याची मुळं मधे येत होती म्हणून दोरी थोडी वाकत होती. "ताण की!" तो ओरडला, आणि मी ताणली.